कमी वेगावर निवडलेले युनिट

हॉटेलच्या खोलीचे दार उघडले की पहिले पाच-सहा फूट छत खाली आलेले असते. एका बाजूला बाथरूम, दुसऱ्या बाजूला कपाट आणि वर फॉल्स सीलिंगमागे टांगलेले फॅन कॉइल युनिट. ही पत्र्याची चपटी पेटी. आत एक-दोन पंखे, तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे बसवलेली कॉइल आणि कॉइलखाली पाणी झेलणारा ट्रे. तळघरातल्या किंवा गच्चीवरच्या चिलरमध्ये थंड झालेले पाणी साधारण ७ अंशांना कॉइलमध्ये शिरते आणि खोलीची उष्णता घेऊन १२ अंशांना परत जाते. पंखा खोलीतली हवा खालच्या जाळीतून ओढतो, कॉइलवरून ढकलतो आणि पलंगाच्या दिशेने उघडणाऱ्या समोरच्या जाळीतून थंड करून सोडतो. पंख्याला बहुधा तीन वेग असतात आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो.

ऑफिसात हेच युनिट माणसांपासून दूर, दिवसा आणि बोलण्याच्या गजबजाटात चालते. हॉटेलात ते झोपलेल्या माणसाच्या डोक्यापासून तीन-साडेतीन मीटरवर रात्रभर चालते. त्यामुळे हॉटेलच्या खोलीसाठी युनिट निवडताना पाहायचा आकडा वेगळा असतो. कॅटलॉगच्या पहिल्या ओळीत ठळक छापलेली क्षमता पंख्याच्या सर्वांत जास्त वेगावरची असते, पण त्या वेगावर कोणी झोपू शकत नाही. झोपमोड न करणाऱ्या वेगावर युनिट किती उष्णता काढते, हे पाहून निवड करावी लागते.

त्यातही कुठली उष्णता, हे आधी स्पष्ट हवे. खोलीत उष्णता दोन रूपांनी येते. काचेतून आलेले ऊन, दिवे, टीव्ही आणि माणसांच्या अंगाची ऊब यांनी हवेचे तापमान चढते आणि ते थर्मामीटरवर दिसते. हा सेन्सिबल भार. दुसरी उष्णता वाफेच्या रूपात येते: माणसांचा श्वास, घाम, दाराच्या फटीतून शिरलेली दमट हवा. हिने पारा हलत नाही, पण ती काढण्यासाठी कॉइलला वाफेचे पाणी करावे लागते. हा लेटंट भार. कॅटलॉगमधली एकूण क्षमता या दोहोंची बेरीज असते. थर्मोस्टॅटला मात्र फक्त तापमान कळते. पाहुणा २२ अंश मागतो आणि खोली २५ वरच अडकते तेव्हा कमी पडलेली असते ती सेन्सिबल क्षमता. एकूण क्षमता भरपूर असूनही असे होऊ शकते.

गोव्याच्या किनाऱ्यावरची, समुद्राकडे म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेली एक खोली उदाहरणादाखल घेऊ. क्षेत्रफळ २८ चौरस मीटर, बाल्कनीच्या सरकत्या दाराची काच ४.५ चौरस मीटर, काच दुहेरी आणि ऊन अडवणारी. बाहेर ३४ अंश, खोलीत हवे २४ अंश. दुपारी चार-साडेचारला पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरमागे सुमारे ६०० वॅट ऊन पडते असे धरले आणि काच त्यातले २८ टक्के आत सोडते असे मानले, तर केवळ उन्हाचे ७५० वॅट होतात. काच आणि भिंतीतून झिरपणारी उष्णता १५० वॅट, दोन माणसांची १४०, दिव्यांची १२०, टीव्ही आणि छोट्या फ्रिजची १४०, युनिटच्या पंख्याची स्वतःची ५० आणि फटींतून येणाऱ्या गरम हवेची ६०-७०. बेरीज सुमारे १.४ किलोवॅट. हा सेन्सिबल भार. लेटंट भार माणसांचा १०० वॅट आणि फटींतल्या दमट हवेचा २०० वॅटच्या आसपास, म्हणजे ०.३ किलोवॅट. एकूण १.७ किलोवॅट, अर्ध्या टनाहून किंचित कमी. बाथरूमच्या एक्झॉस्टची भरपाई करणारी ताजी हवा वेगळ्या यंत्रात थंड आणि कोरडी होऊन येते असे येथे गृहीत धरले आहे. ती थेट बाहेरून घेतली तर हे सगळे गणित कोलमडते.

आता कॅटलॉग उघडावा. युनिटांची नावे हवेच्या मापावर असतात: २००, ३००, ४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा, आणि तीही सर्वांत जास्त वेगावर. एखाद्या सर्वसाधारण कॅटलॉगात २०० सीएफएमच्या युनिटाची एकूण क्षमता २ किलोवॅट आणि सेन्सिबल १.४ किलोवॅट दिलेली असते. खोलीला एकूण १.७ हवे, सेन्सिबल १.४ हवे. दोन्ही आकडे तंतोतंत बसतात, आणि खरेदी विभागाला हे युनिट फार आवडते, कारण ते यादीत सर्वांत स्वस्त असते.

पण ते १.४ किलोवॅट कुठल्या परिस्थितीत मोजले, हे खालच्या बारीक टिपेत लिहिलेले असते. प्रयोगशाळेत कॉइलवर येणारी हवा २७ अंशांची धरतात, अमेरिकी मानकातही जवळपास तेवढीच. पाहुण्याची खोली २४ अंशांना असते. कॉइलची सेन्सिबल क्षमता ढोबळमानाने हवा आणि आत येणारे पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. प्रयोगशाळेत तो फरक २७ उणे ७, म्हणजे २० अंश. खोलीत २४ उणे ७, म्हणजे १७. इथेच १५ टक्के गेले. पुढे हवा जाळीपर्यंत नेणारा छोटा डक्ट, समोरची जाळी, खालची जाळी आणि धूळ धरलेला फिल्टर यांतून जायची असते. या युनिटांचे पंखे फारसा विरोध सोसत नाहीत, त्यामुळे मोकळ्या तोंडाने मोजलेली हवा प्रत्यक्षात १० ते १५ टक्क्यांनी घटते. एवढ्यावरच २०० सीएफएमचे युनिट सर्वांत जास्त वेगावरसुद्धा १.४ वरून १ किलोवॅटच्या जवळ येते. अजून वेग कमी केलेलाच नाही.

वेग कमी केला की काय होते? तिसऱ्या, सर्वांत मंद वेगावर हवा साधारण ५५ ते ६० टक्क्यांवर येते. क्षमता त्याच प्रमाणात घटत नाही, थोडी कमी घटते, कारण सावकाश जाणारी हवा कॉइलमध्ये जास्त वेळ राहते आणि अधिक थंड होऊन बाहेर पडते. सेन्सिबल क्षमता सुमारे ६० ते ६५ टक्के उरते. ४०० सीएफएमच्या युनिटाची कॅटलॉगमधली सेन्सिबल क्षमता २.८ किलोवॅट असेल, तर मंद वेगावर ती १.८, खोली २४ अंशांना म्हणून १.५५ आणि जाळ्या-डक्टचा विरोध वजा केला की १.४ च्या आसपास. म्हणजे या खोलीला मंद वेगावर पुरणारे युनिट २०० चे नव्हे, ४०० चे आहे.

उत्तर पडताळण्याची एक सोपी रीत आहे. मंद वेगावर विरोधासह २१५ सीएफएम हवा उरते, म्हणजे सेकंदाला सुमारे १०२ लिटर. एक लिटर हवा सेकंदाला एक अंशाने थंड करायला १.२ वॅट लागतात. १४०० ला या दोहोंच्या गुणाकाराने भागले तर उत्तर येते साडेअकरा अंश. चोवीसची हवा साडेबारा अंशांना बाहेर पडायला हवी. ७ अंशांच्या पाण्यावर चांगल्या कॉइलला हे जमते. हेच उत्तर ८ किंवा ९ अंश आले असते, तर आधीच्या गणितात कुठेतरी स्वप्नरंजन झाले आहे असे समजावे. ७ अंशांचे पाणी हवेला तिथवर नेऊ शकत नाही. विजेची बचत म्हणून चिलरचे पाणी ७ ऐवजी ९ अंशांना ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तसे ठरले असेल तर निवडही ९ अंशांवरच करावी लागते, कारण १७ अंशांचा फरक १५ वर येतो आणि क्षमतेचा आठवा हिस्सा जातो.

मधला ३०० सीएफएमचा पर्याय का नको? तो मध्यम वेगावर जवळपास पुरतो. पश्चिमेच्या खोलीत भाराचा कळस दुपारी असतो, तेव्हा पाहुणा जागा असतो किंवा समुद्रावर असतो, असा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पूर्वेच्या खोलीत मात्र तो टिकत नाही. तिथे ऊन सकाळी आठ-साडेआठला जोरात असते आणि सुट्टीवर आलेला माणूस त्या वेळी पडदे ओढून झोपलेला असतो. भाराचा कळस आणि शांततेची गरज एकाच तासात येतात. उत्तरेच्या खोल्यांना थेट ऊन फारसे नसते, तिथे ३०० चे युनिट मंद वेगावर आरामात भागवते. एकाच मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांना एकच मॉडेल लावण्याची सोय पाहिली जाते. त्यापेक्षा दोन मॉडेले घेऊन दिशेनुसार वाटणे बरे, एवढा त्रास घेण्यासारखा हा फरक नक्कीच आहे.

तरीही मोठे ते चांगले, असा निष्कर्ष यातून काढू नये. रात्री दोन वाजता तीच खोली पाहिली तर ऊन गेलेले, दिवे बंद, टीव्ही बंद. सेन्सिबल भार ३०० ते ४०० वॅटवर आलेला असतो. लेटंट भार मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण माणसे श्वास घेतच असतात आणि किनाऱ्यावरची हवा रात्रीही दमट असते. मंद वेगावर १.४ किलोवॅट देणारे युनिट आता चौपट मोठे ठरते. ते काही मिनिटांत खोली थंड करते, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह मिटवतो, कॉइल गरम होऊ लागते, पण पंखा फिरत राहतो. कॉइलच्या पापुद्र्यांवर चिकटलेले पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परतते. तासाभरात तापमान बरोबर २३ अंश आणि दमटपणा ७० टक्क्यांच्या वर. चादर ओलसर लागते, पाहुणा तापमान आणखी खाली ढकलतो, आणि पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते. कमी वेगावर जेमतेम पुरणारे युनिट घ्यायचे, त्याच्या दुप्पट नव्हे, ते याचसाठी.

हा दोष निवडीने पूर्ण जात नाही. त्याला दोन गोष्टींची जोड लागते. पहिली, व्हॉल्व्ह मिटला की पंखाही थांबावा किंवा अगदी मंद व्हावा, किंवा पूर्ण उघड-मीट करणाऱ्या व्हॉल्व्हऐवजी थोडाथोडा उघडणारा व्हॉल्व्ह बसवावा. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, खोलीत येणारी ताजी हवा आधीच चांगली कोरडी केलेली असावी. सेकंदाला २४ लिटर ताजी हवा ११-१२ अंश दवबिंदूपर्यंत कोरडी करून सोडली, तर ती खोलीतला १०० ते १५० वॅट लेटंट भार स्वतः उचलते. युनिटच्या वाट्याला मग मुख्यतः तापमान सांभाळणे उरते.

आवाजाच्या बाबतीत कॅटलॉग वाचणे आणखी निसरडे आहे. दोन वेगवेगळ्या गोष्टी डेसिबलमध्येच लिहिलेल्या असतात. ध्वनिशक्ती म्हणजे युनिट मुळात किती आवाज निर्माण करते ते. ती खोलीवर अवलंबून नसते. ध्वनिदाब म्हणजे एका ठरावीक जागी कानावर काय पोहोचते ते. तो अंतर, गालिचे, पडदे, खोलीचा आकार यांवर बदलतो. एका कंपनीने ध्वनिशक्ती छापली आणि दुसरीने मोठ्या खोलीत, लांब अंतरावर धरलेला ध्वनिदाब छापला, तर दुसरे युनिट दहा डेसिबलने शांत भासते, प्रत्यक्षात दोन्ही सारखीच असू शकतात. तुलना करायची तर दोघांकडून तिन्ही वेगांची ध्वनिशक्ती मागवावी. ती देण्यास जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याबद्दल पुरेसे कळलेले असते.

हॉटेलच्या खोलीसाठी रूढ लक्ष्य एनसी ३० हे आहे. ऐषारामी हॉटेले २५ मागतात. एनसी हा वेगवेगळ्या पट्टीतल्या आवाजांसाठी आखलेला वक्र आहे, आणि एनसी ३० म्हणजे साधारण ३५ डीबीए. गालिचा, पडदे आणि गादी असलेल्या २८ चौरस मीटरच्या खोलीत पलंगाजवळचा ध्वनिदाब ध्वनिशक्तीपेक्षा ८ ते १० डेसिबलने कमी असतो. म्हणजे युनिटाची ध्वनिशक्ती ४३-४४ डीबीएच्या आत हवी. आपल्या ४०० सीएफएमच्या युनिटाची ती जास्त वेगावर ५४, मध्यम वेगावर ४९ आणि मंद वेगावर ४३ आहे असे धरू. खोलीत अनुक्रमे ४५, ४० आणि ३४ ऐकू येईल. शेवटचाच आकडा लक्ष्यात बसतो.

वेग कमी केल्याने इतका फरक का पडतो? पंख्याचा आवाज त्याच्या फिरण्याच्या गतीच्या सुमारे पाचव्या घाताने वाढतो. गती शंभरवरून साठावर आणली की आवाज ११ डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबलचा फरक कानाला निम्म्यासारखा वाटतो. क्षमता मात्र ६५ टक्के शाबूत राहते. मोठे युनिट सावकाश चालवणे फायद्याचे ठरते ते या दोन घसरणींच्या वेगातल्या फरकामुळे.

डीबीएच्या एका आकड्यात जे लपते ते गुणगुणणे. तीन वेगांची जुनी पद्धत साध्या कपॅसिटर मोटरच्या वेगवेगळ्या टॅपिंगवर चालते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशा मोटरी १०० हर्ट्झवर घुमतात, आणि मंद वेगावर हवेचा झाकणारा आवाज गेला की ही घूं स्पष्ट होते. डीबीए मापन खालच्या पट्टीतला आवाज कमी मोजते, त्यामुळे मीटर ३४ दाखवतो आणि पाहुणा रिसेप्शनला फोन करतो. म्हणून कॅटलॉगात एकच आकडा न पाहता १२५ हर्ट्झच्या पट्टीतली पातळीही पाहावी. ईसी मोटरमध्ये ही घूं खूप कमी असते, वेगही पायऱ्यांऐवजी हळूहळू बदलता येतो. झोपलेल्या माणसाला सतत चालणाऱ्या मंद सळसळीपेक्षा अचानक बदलणारा आवाज जास्त जागवतो, त्यामुळे पायऱ्या नसणे हा मोठा गुण आहे. अतिशांत युनिटही वरदान नसते: खोलीत काहीच आवाज नसेल तर कॉरिडॉरमधल्या सुटकेसची चाके आणि शेजारच्या खोलीतला नळ ऐकू येतो.

उत्तम युनिट चुकीच्या जोडणीने गोंगाटी होते. सर्वांत जास्त दुर्लक्ष खालच्या जाळीकडे होते. समोरून येणाऱ्या आवाजाला डक्टच्या आतल्या मऊ अस्तराने थोडा अडसर होतो. पण परतीच्या हवेची जाळी थेट पंख्याच्या तोंडाखाली कापली, तर पंख्याचा आवाज एका उडीत खोलीत येतो. जाळी पंख्यापासून जितकी सरकवता येईल तितकी सरकवावी आणि मधल्या पोकळीला अस्तर द्यावे. जाळ्या लहान ठेवल्या की हवा त्यांच्या पात्यांतून शिट्टी मारते. समोरच्या जाळीत हवेचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या खाली ठेवणे बरे. युनिट स्लॅबला रबराच्या गाद्यांवर टांगावे आणि डक्टला कॅनव्हासच्या तुकड्याने जोडावे, म्हणजे पत्रा जिप्सम बोर्डाला वाजवत नाही. सूं-सूं असा बारीक आवाज येत असेल आणि पंखा बंद केल्यावरही जात नसेल, तर तो पाण्याचा व्हॉल्व्ह. पंपापासून जवळच्या मजल्यांवर पाण्याचा दाब जास्त असतो आणि अर्धवट उघडा व्हॉल्व्ह सिसकारतो. तिथे पंखा बदलून काही होत नाही. दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

तिसरी बाब कॉइलवर जमणाऱ्या पाण्याची. तक्रारी सर्वांत जास्त तिच्याच असतात, आणि निवडीच्या वेळी तिचा विचार सर्वांत शेवटी होतो.

पाणी किती? ०.३ किलोवॅट लेटंट भार म्हणजे तासाला अर्ध्या लिटरहून थोडे कमी. दिवसाला एक बादली. पाहुण्याने बाल्कनीचे दार उघडे ठेवून एसी जास्त वेगावर लावला की हेच तासाला तीन-चार लिटरवर जाते. पावसाळ्यात गोव्याच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, आणि समोरची जाळी १३ अंशांची. मग ट्रे कितीही चांगला असला तरी जाळीच्याच पात्यांवर दव धरून ते खाली सामानावर टपकते. त्यासाठी बाल्कनीच्या दाराला छोटा स्विच लावतात: दार उघडले की पाण्याचा व्हॉल्व्ह बंद.

तीन-चार लिटरसाठी १५ मिलिमीटरचा पाइपही पुरेल असे वाटते, आणि पाण्याच्या हिशेबाने ते खरेही आहे. पण या पाइपातून फक्त पाणी जात नाही. ओल्या कॉइलवर बसलेली धूळ, कापडाचे तंतू आणि त्यांवर वाढलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर वाहून येतो, आणि तो जेलीसारखा पाइपात बसतो. पाइप २५ मिलिमीटरहून बारीक नसावा असा जो दंडक आहे तो या चिकट गाळासाठी. उतार मीटरमागे किमान १० मिलिमीटर, आणि कुठेही मध्ये पोट सुटलेले नसावे, म्हणून दर मीटरला आधार. आतले पाणी थंड असल्याने पाइपलाही बाहेरून घाम येतो. त्याला नायट्राइल रबराची नळी चढवावी लागते.

या सगळ्याला उंची लागते आणि तिथे वास्तुरचनाकाराशी भांडण सुरू होते. आपले युनिट २५० मिलिमीटर उंच, वर टांगण्यासाठी ३०, ट्रेचे तोंड तळाशी. तिथून शाफ्टपर्यंत अडीच मीटर, म्हणजे २५ मिलिमीटर उतार. पाइप आणि त्यावरचे आवरण मिळून ४५. ट्रॅप तिथेच दिला तर आणखी ५०. बेरीज ४०० मिलिमीटर, आणि पोकळी बहुधा ३५० ची मिळते. तडजोड म्हणून ठेकेदार उतार खातो, कारण उतार नसलेला पाइप सीलिंग बंद झाल्यावर दिसत नाही. त्यापेक्षा ट्रॅप शाफ्टमध्ये न्यावा. मोठ्या मॉडेलची सुदैवाने लांबी वाढते, उंची नाही. त्यामुळे २०० ऐवजी ४०० घेतल्याने हे गणित बिघडत नाही. फक्त बोळाची रुंदी आधी मोजून घ्यावी.

ट्रॅप हवाच का, हा प्रश्न पंखा कुठे आहे यावर ठरतो. खोलीच्या छतातल्या बहुतेक युनिटांत पंखा आधी आणि कॉइल नंतर असते. पंखा हवा कॉइलवर ढकलतो, त्यामुळे ट्रेपाशी दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो आणि पाणी सहज निघते. तिथे ट्रॅपचे काम ड्रेनची दुर्गंधी अडवण्यापुरते. कॉइल आधी आणि पंखा नंतर असेल तर पंखा ट्रेमधूनही हवा ओढतो. ट्रॅप नसला किंवा उथळ असला तर पाइपातून वर येणारी हवा पाण्याला ट्रेमध्येच अडवून धरते. ओळखण्याची खूण पक्की आहे: युनिट चालू असताना टपकत नाही, बंद केल्यावर मिनिटभरात एकदम पाणी ओघळते.

ट्रॅपचेही एक दुखणे आहे. महिनाभर रिकाम्या राहिलेल्या खोलीत त्यातले पाणी सुकते आणि ड्रेनचा वास जाळीतून खोलीत पसरतो. म्हणून हे पाणी मैल्याच्या पाइपला थेट कधीही जोडू नये. ते बाथरूमच्या नहाणी ट्रॅपवर मोकळ्या हवेतून पडावे, किंवा शाफ्टमधल्या स्वतंत्र पाइपाने खाली नेऊन एखाद्या जाळीवर सोडावे.

ट्रे कॉइलपुरता असून चालत नाही. व्हॉल्व्ह, गाळणी आणि बंद करण्याचे कॉक हे सगळे ७ अंशांच्या पाण्याचे. त्यांचे आवरण कितीही नेटके केले तरी दुरुस्तीसाठी एकदा उघडले की पूर्वीसारखे बसत नाही. त्यांच्याखाली ट्रेचा वाढवलेला भाग हवा, आणि निवड करताना तो किमतीत धरला आहे का हे विचारावे. ट्रेला आतून उतार असावा, बाहेरून इन्सुलेशन असावे. उपसा पंप लावून उताराचा प्रश्न सोडवणे शक्य असते, पण पंप रात्री घरघरतो आणि पहिल्यांदा तोच बिघडतो. जुन्या इमारतीत दुसरा मार्गच नसेल तेव्हाच तो घ्यावा. फ्लोट स्विच मात्र स्वस्त आणि उपयोगी: ट्रे भरत आला की तो पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतो.

पाण्याचा संबंध वेगाशीही येतो. कॉइलवरून जाणारी हवा सेकंदाला अडीच मीटरहून वेगाने गेली तर ती पापुद्र्यांवरचे थेंब उडवून ट्रेच्या पलीकडे डक्टमध्ये टाकते. छोटे युनिट सतत जास्त वेगावर ताणले की हे घडते. त्यामुळे फॉल्स सीलिंगवरचा डाग कुठे पडला आहे यावरून कारण बरेच कळते. डाग समोरच्या जाळीजवळ असेल तर थेंब उडत आहेत किंवा जाळीला घाम येतो आहे. युनिटच्या मध्याखाली असेल तर ट्रे तुंबला आहे. पाण्याचे पाइप जोडले आहेत त्या टोकाखाली असेल तर व्हॉल्व्ह पाझरतो आहे.

बोर्ड बसवण्याआधी प्रत्येक युनिटाच्या ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओतून, पंखा आधी बंद आणि मग सर्वांत जास्त वेगावर ठेवून, ते शाफ्टमध्ये पडताना पाहावे लागते. त्याच वेळी जाळ्या, फिल्टर बसवून मंद वेगावर समोरच्या जाळीतली हवा मोजली आणि रात्री, कॉरिडॉर शांत असताना, उशीच्या जागी मीटर ठेवून आवाज मोजला की कागदावरचे २१५ सीएफएम आणि ३४ डीबीए खरे उतरले का ते कळते. हे सगळे एका नमुना खोलीत, उरलेल्या दीडशे युनिटांची ऑर्डर देण्याआधी करायचे असते. आणि फिल्टर, ट्रे व व्हॉल्व्ह या तिन्हींपर्यंत हात पोहोचेल एवढे झाकण सीलिंगमध्ये ठेवायचे असते. सजावटीच्या नकाशात ते बहुतेक वेळा आखलेलेच नसते.